दोनने सरकवा, वर्गपद जाईल

अशी कोणती संख्या आहे, की तिच्या घनात तिची बारापट मिळवली तर तिच्या वर्गाच्या सहापटीत पस्तीस मिळवल्याइतकेच उत्तर येते? हे कोडे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या मध्यावरचा. आजच्या चिन्हांत ते असे मांडता येते:

x³ + १२x = ६x² + ३५

उत्तर पाच. पडताळा सोपा आहे: १२५ आणि ६० मिळून १८५, आणि दुसऱ्या बाजूला १५० आणि ३५ मिळूनही १८५. पण उत्तरापेक्षा भास्कराचार्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी ६x² डावीकडे आणले आणि दोन्ही बाजूंतून आठ वजा केले. डावीकडे x³ − ६x² + १२x − ८ झाले, उजवीकडे २७ उरले. डावीकडची राशी म्हणजे (x − २) चा पूर्ण घन आणि २७ म्हणजे तीनचा घन. दोन्हीकडे घनमूळ घेतले की x − २ = ३, म्हणून x = ५.

यात मोलाचे आहे ते x − २. भास्कराचार्यांनी x शोधलाच नाही, x पेक्षा दोनने लहान असलेली संख्या शोधली. त्या संख्येला y म्हटले, तर एवढे लांबलचक समीकरण y³ = २७ इतके छोटे होते. वर्गाचे पद गेले आणि त्याच्याबरोबर एकघाती पदही गेले.

दुसरे पद गेले ते मात्र नशिबाने. कोड्यातले १२ बदलून १८ करा आणि ३५ चे ४० करा:

x³ − ६x² + १८x − ४० = ०

आता कितीही आठ-नऊ मिळवले-वजा केले तरी डावीकडे पूर्ण घन तयार होत नाही. अशा समीकरणांसाठी सगळीकडे चालेल अशी रीत भास्कराचार्यांनी दिलेली नाही. ती रीत सापडायला पुढची जवळपास चारशे वर्षे जावी लागली आणि ती सापडली इटलीत. पण तिची पहिली पायरी भास्कराचार्यांच्या त्या ‘दोनने लहान’ संख्येचीच आहे, आणि वरच्या दोन्ही समीकरणांत सरकवायचे अंतर तेच आहे: दोन.

हे दोन येते कुठून? ज्याने दहावीला पूर्ण वर्ग पद्धत शिकली आहे, त्याला हे अर्धे ठाऊक आहे. वर्गसमीकरणात x च्या सहगुणकाचे निम्मे करून आपण पूर्ण वर्ग जुळवतो. घन समीकरणात निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा घ्यायचा. x च्या जागी y + h लिहिले, तर x³ चे चार तुकडे होतात:

(y + h)³ = y³ + ३hy² + ३h²y + h³

यातून y² ची ३h पदे येतात. समीकरणात x² चा सहगुणक −६ आहे, त्यातून y² ची आणखी −६ पदे येतात. पुढच्या १८x मधून किंवा −४० मधून y² येण्याची शक्यताच नाही. म्हणजे y² चा एकूण सहगुणक ३h − ६. तो शून्य व्हायचा तर h = २. सर्वसाधारणपणे x² चा सहगुणक b असेल तर h = −b/३ घ्यायचा. मात्र त्याआधी x³ चा सहगुणक १ करून घ्यायला हवा. तो दोन किंवा पाच असेल, तर आधी सगळ्या समीकरणाला त्याने भागायचे.

याचा अर्थ उकलींच्या बाजूनेही पाहता येतो आणि तो अधिक सुंदर आहे. घन समीकरणाला तीन उकली असतात आणि त्यांची बेरीज −b असते. म्हणजे −b/३ ही तिन्ही उकलींची सरासरी. उदाहरणार्थ, १, २ आणि ६ या उकली असलेले समीकरण x³ − ९x² + २०x − १२ = ० आहे. उकलींची बेरीज ९, सरासरी ३. तिन्ही उकली तीनने मागे सरकवल्या की −२, −१ आणि ३ मिळतात. त्यांची बेरीज शून्य, आणि त्यांचे समीकरण y³ − ७y − ६ = ०. वर्गपद नाहीसे झाले ते एवढ्याचसाठी: उकलींचा मध्य आता शून्यावर आला आहे. उकली सापडण्याआधीच त्यांची सरासरी आपल्याला नुसत्या सहगुणकावरून कळते, म्हणून हे सरकवणे शक्य होते.

आता आपले समीकरण प्रत्यक्ष सरकवू. y + २ चे वर्ग-घन उलगडून पदे गोळा करता येतात, पण तिथे चिन्हे हमखास चुकतात. त्यापेक्षा शाळेतला संश्लेषक भागाकार बरा. सहगुणक १, −६, १८, −४० असे ओळीत लिहायचे आणि दोनने भागत जायचे. पहिला १ तसाच खाली. त्याची दुप्पट २, ती −६ मध्ये मिळवून −४. त्याची दुप्पट −८, ती १८ मध्ये मिळवून १०. त्याची दुप्पट २०, ती −४० मध्ये मिळवून −२०. ही शेवटची −२० बाजूला ठेवायची आणि उरलेल्या आकड्यांवर तीच क्रिया पुन्हा करायची.

```
१   −६   १८   −४०
१   −४   १०   −२०
१   −२    ६
१    ०
```

प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा उचलायचा. −२० हे नवे स्थिर पद, ६ हा y चा सहगुणक आणि ० हा y² चा. नवे समीकरण मिळाले:

y³ + ६y = २०

शेवटच्या ओळीत शून्य आले, हाच या पायरीचा पडताळा. शून्य आले नाही तर चूक बहुधा चिन्हाची असते आणि ती ओळखूही येते. दोनने पुढे जाण्याऐवजी कोणी दोनने मागे गेला, म्हणजे x = y − २ धरले, तर y² चा सहगुणक शून्य होण्याऐवजी नेमका दुप्पट होऊन −१२ येतो. वर्गपद दुप्पट झालेले दिसले की समजावे, h चे चिन्ह उलटे घेतले आहे.

भास्कराचार्यांच्या समीकरणात याच जागी y चा सहगुणक शून्य आला होता. इथे सहा उरले. सरकवायला आपल्या हातात एकच संख्या असते, h. एका संख्येने एक पद घालवता येते. दुसरेही गेले तर तो योगायोग. म्हणून सरकवण्याने घन समीकरण सुटत नाही. ते अशा रूपात येते की पुढची युक्ती लागू पडावी.

ती पुढची युक्ती आधी सापडली होती, हा या इतिहासातला विलक्षण भाग. बोलोन्या विद्यापीठात शिकवणारे शिपिओने देल फेर्रो यांना ‘घन अधिक काही पट बरोबर संख्या’ या प्रकारचे, म्हणजे वर्गपद नसलेले समीकरण सोडवता येत होते. त्या काळी गणितज्ञ एकमेकांना जाहीर आव्हाने देत, आणि ठेवणीतली एक रीत म्हणजे नोकरी टिकवण्याचे हत्यार असे. देल फेर्रो यांनी ती छापली नाही. १५२६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी ती आपला शिष्य आंतोनियो मारिया फिओर याला सांगितली होती.

फिओरने १५३५ मध्ये निकोलो फोंताना यांना आव्हान दिले. हे गृहस्थ तार्ताल्या, म्हणजे ‘तोतरा’, या नावानेच ओळखले जातात. १५१२ मध्ये फ्रेंच सैन्याने ब्रेशा शहर लुटले, तेव्हा लहानग्या निकोलोच्या जबड्यावर तलवारीचा घाव बसला होता आणि बोलण्यातला दोष कायमचा राहिला. दोघांनी एकमेकांना तीस-तीस प्रश्न दिले. फिओरचे तीसही प्रश्न एकाच साच्याचे होते, वर्गपद नसलेल्या घन समीकरणाचे. त्याला तेवढेच येत होते. मुदत संपण्याच्या थोडे आधी तार्ताल्या यांना रीत स्वतःहून सापडली आणि त्यांनी सगळे प्रश्न सोडवले. त्यांनी दिलेले वेगवेगळ्या प्रकारचे प्रश्न फिओरला झेपले नाहीत.

मिलानचे वैद्य आणि गणितज्ञ जिरोलामो कार्दानो तार्ताल्या यांच्या मागे लागले. १५३९ मध्ये तार्ताल्या यांनी, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावून, रीत पद्यात गुंफून त्यांना दिली. पुढे १५४३ मध्ये कार्दानो आणि त्यांचे तरुण शिष्य लोदोविको फेरारी बोलोन्याला गेले आणि तिथे देल फेर्रो यांच्या कागदांत तीच रीत त्यांना दिसली. मग शपथ आड येत नाही असे ठरवून कार्दानो यांनी १५४५ मध्ये न्यूरेम्बर्ग इथे ‘आर्स माग्ना’ छापले. देल फेर्रो आणि तार्ताल्या या दोघांचे श्रेय त्यांनी पुस्तकात नोंदवले आहे. तार्ताल्या यांचा संताप तरीही शमला नाही, आणि शपथ मोडली गेली हे खरेच आहे.

पण ‘आर्स माग्ना’ ही उसनी रीत छापलेले पुस्तक नव्हे. फिओरकडे होते ते एका साच्याचे उत्तर. वर्गपद असलेले कोणतेही घन समीकरण सरकवून त्या साच्यात आणता येते, हे कार्दानो यांनी दाखवले आणि त्यामुळे एका प्रकाराची रीत सगळ्या प्रकारांची झाली. त्यांना हे काम आपल्यापेक्षा जड गेले. त्या काळी सहगुणक ऋण असणे मान्य नव्हते, त्यामुळे पद कोणत्या बाजूला आहे यावरून समीकरणाचे तेरा प्रकार पडत आणि प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागे.

आता y³ + ६y = २० सोडवू. हे उदाहरण कार्दानो यांच्या पुस्तकातलेच आहे. युक्ती भूमितीची आहे आणि ती डोळ्यांसमोर आणावी. पाच सेंटिमीटर बाजूचा लाकडी घनाकृती ठोकळा घ्या. त्याच्या एका कोपऱ्यातून दोन सेंटिमीटर बाजूचा घन कापून काढा. उरले १२५ − ८ = ११७ घन सेंटिमीटर लाकूड. या उरलेल्या लाकडाचे चार तुकडे करता येतात: समोरच्या कोपऱ्यात तीन सेंटिमीटर बाजूचा एक घन आणि ५ × २ × ३ मापाच्या तीन फळ्या. २७ आणि तीन वेळा ३०, मिळून ११७. मोठी बाजू u आणि छोटी v म्हटली तर हेच असे लिहिता येते:

(u − v)³ + ३uv(u − v) = u³ − v³

u − v ला y म्हणा. डावीकडे y चा घन आहे, y ची काही पट आहे आणि उजवीकडे एक संख्या आहे. वर्ग कुठेच नाही. आपल्या समीकरणाचा साचा हुबेहूब हाच. वर्गपद घालवण्याची खटपट का केली, ते इथे कळते: ठोकळ्याच्या या मांडणीत वर्गाला जागाच नाही.

तेव्हा ३uv = ६ आणि u³ − v³ = २० असे दोन ठोकळे शोधायचे. पहिल्यावरून uv = २, म्हणून u³ आणि v³ यांचा गुणाकार ८. दोन संख्यांची वजाबाकी २० आणि गुणाकार ८, त्या संख्या कोणत्या? हे साधे वर्गसमीकरण झाले. u³ ला U म्हटले तर U² − २०U − ८ = ०. त्यातून U = √१०८ + १०, आणि v³ म्हणजे √१०८ − १०. शेवटी

y = ∛(√१०८ + १०) − ∛(√१०८ − १०)

दशांशात पाहिले तर √१०८ सुमारे १०.३९२३ आहे. पहिले घनमूळ २.७३२०५ येते, दुसरे ०.७३२०५. वजाबाकी दोन. हे नेमके दोनच आहे, कारण ती घनमुळे √३ + १ आणि √३ − १ आहेत. पडताळा: ८ + १२ = २०.

एवढे झाल्यावर बरेच जण थांबतात आणि उत्तर दोन म्हणून लिहितात. दोन हे y चे उत्तर आहे. सुरुवातीला दोनने मागे सरकलो होतो, तेवढे पुढे यायला हवे: x = ४. मूळ समीकरणात ४ घातले की ६४ − ९६ + ७२ − ४० = ०. उरलेल्या दोन उकली हव्या असतील तर x − ४ ने भागल्यावर x² − २x + १० = ० उरते; त्याच्या उकली १ + ३√−१ आणि १ − ३√−१ या संमिश्र संख्या आहेत. तिन्हींची बेरीज सहा, म्हणजे सरासरी दोन. सरकवण्याचे अंतर पुन्हा बरोबर जुळले.

२० च्या जागी q आणि ६ च्या जागी p लिहून हीच वाट चालली की y³ + py = q चे सूत्र मिळते. दोन्ही घनमुळांच्या आत एकच वर्गमूळ आहे, √((q/२)² + (p/३)³). पहिल्या घनमुळात त्यात q/२ मिळवायचा, दुसऱ्यात वजा करायचा. x³ + bx² + cx + d = ० या समीकरणासाठी p = c − b²/३ आणि q = bc/३ − २b³/२७ − d. आपल्या उदाहरणात p = १८ − १२ = ६ आणि q = −३६ + १६ + ४० = २०. शेवटी मिळालेल्या y मधून b/३ वजा केला की x हाती येतो. हे सगळे एका ओळीत कोंबले तर सूत्र भयंकर दिसते, म्हणून कोणी ते तसे पाठ करत नाही. आधी सरकवायचे, मग छोटे सूत्र वापरायचे.

सूत्राची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मघाच्या १, २, ६ या निरागस उकलींमध्ये लपलेली आहे. तिथे सरकवल्यावर y³ − ७y = ६ मिळाले होते. p = −७, q = ६. वर्गमुळाच्या आत ९ − ३४३/२७, म्हणजे सुमारे −३.७ येते. ऋण संख्येचे वर्गमूळ! उकली तर −२, −१ आणि ३ अशा स्वच्छ आहेत. हिशेब चुकलेला नाही. तीन वेगवेगळ्या वास्तव उकली असल्या की हे नेहमीच घडते. कार्दानो इथे अडखळले. १५७२ मध्ये बोलोन्याचे राफाएल बॉम्बेल्ली यांनी y³ = १५y + ४ हे उदाहरण घेतले. त्याची एक उकल ४ आहे, पण सूत्रात √−१२१ येते. बॉम्बेल्ली यांनी धीर धरून गुणाकार केला आणि २ + √−१ चा घन २ + √−१२१ होतो हे दाखवले. जोडीच्या घनमुळात २ − √−१ येते. दोन्ही मिळवले की √−१ कटते आणि चार उरते. संमिश्र संख्यांशी गणितज्ञांना हिशेब करावा लागला तो या घन समीकरणांमुळे. वर्गसमीकरणात अशी संख्या आली की ‘उकल नाही’ म्हणून मोकळे होता येत असे.

सरकवण्याची पायरी मात्र घनापुरती नाही. चौथ्या घाताच्या समीकरणात सहगुणकाचा चौथा हिस्सा घेऊन घनपद घालवता येते. फेरारी यांची चतुर्घात समीकरणाची रीत ‘आर्स माग्ना’तच आहे. पाचव्या घातातही पाचवा हिस्सा घेऊन एक पद जाते, पण तिथे पुढे वाट नाही. मुळे आणि चार क्रिया वापरून पाचव्या घातासाठी सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केले.

भास्कराचार्यांचे कोडे ज्यांना मुळाबरहुकूम पाहायचे आहे, त्यांना ‘बीजगणित’ आजही मिळते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ काढल्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथे आहे.

आणि ज्यांना कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहायचे आहे, त्यांनी x³ + ९x² + ३३x + ३८ = ० घ्यावे. इथे सहगुणक धन आहे, म्हणून उणे तीनने भागत जायचे. तिसऱ्या फेरीअखेर शून्य आले पाहिजे. पुढे u³ साठी पूर्ण संख्या मिळते आणि एकही वाकडे वर्गमूळ उरत नाही. x चे उत्तर −२ येते.